पट्टी गँटची, साखळी दुसऱ्याची

प्रकल्पाच्या बैठकीत हमखास एक एक्सेलची फाईल उघडली जाते. डाव्या बाजूला कामांची यादी, शेजारी दिवस आणि तारखा, आणि उजवीकडे पसरलेल्या बारीक चौकोनांमध्ये रंगीत आडव्या पट्ट्या. एखाद्या कामाचे दिवस वाढवले की त्याची पट्टी लांबते आणि त्याच्यावर अवलंबून असलेली खालची सगळी कामं आपोआप उजवीकडे सरकतात. या तक्त्याला सगळे गँट चार्ट म्हणतात. पण हेन्री गँटच्या तक्त्यांमध्ये ‘हे काम झाल्याशिवाय ते सुरू होणार नाही’ हे नातं दाखवायची सोय नव्हती. तक्त्याचं चित्र एका परंपरेतून आलं, त्यामागचं गणित दुसऱ्या परंपरेतून, आणि दोघांची गाठ पडली ती या दोन्हींशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच साधनात.

चित्राचा वंश जुना आहे. १७६५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने चरित्रांचा एक मोठा तक्ता छापला. ऑक्सिजनच्या शोधामुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो प्रीस्टली. त्या काळी तो शिक्षक होता आणि विद्यार्थ्यांना इतिहास शिकवण्यासाठी त्याला काहीतरी हवं होतं. त्याने काळाची आडवी मोजपट्टी आखली आणि सुमारे दोन हजार प्रसिद्ध माणसांची आयुष्यं आडव्या रेघांनी दाखवली. जन्माला रेघ सुरू, मृत्यूला संपली. ज्यांचं जन्मवर्ष नक्की माहीत नव्हतं, त्यांच्या रेघेच्या टोकाला त्याने टिंबं दिली. कोण कोणाचा समकालीन होता हे डोळ्यांना एका नजरेत दिसायला लागलं. काळ म्हणजे लांबी, ही कल्पना आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तीही कोणीतरी प्रथम मांडावी लागली हे ध्यानात येत नाही.

ही रेघ कारखान्यात शिरायला सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. अमेरिकेतला यंत्र अभियंता हेन्री लॉरेन्स गँट १८८७ पासून मिडव्हेल स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलरबरोबर काम करत होता. कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावणारा तो टेलर. गँटने निरनिराळे तक्ते बनवले आणि पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सरकारच्या शस्त्रास्त्र कारखान्यांपर्यंत आणि जहाजबांधणीपर्यंत पोहोचले. १९१९ मध्ये तो वारला. १९२२ मध्ये त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने या तक्त्यांवर एक पुस्तक लिहिलं, आणि गँटचं नाव तक्त्याला कायमचं चिकटलं ते मुख्यतः त्या पुस्तकामुळे.

त्या पुस्तकातले तक्ते आजच्या तक्त्यापेक्षा बरेच वेगळे आहेत. एका तक्त्यात प्रत्येक ओळ एका यंत्राची असते, दुसऱ्यात एका कामगाराची. आडवे रकाने दिवसांचे. दिवसाच्या चौकोनाची रुंदी म्हणजे त्या दिवशी ठरलेलं काम. निम्मं झालं तर बारीक रेघ निम्म्या चौकोनापर्यंत, आणि सुरुवातीपासून एकूण किती झालं ते दाखवणारी जाड रेघ वेगळी. यंत्र बंद पडलं असेल तर कारण एकेका अक्षराने नोंदवायचं. म्हणजे हा तक्ता फोरमनला विचारत होता : यंत्र रिकामं का आहे, माणूस मागे का पडला? एका कामाचं दुसऱ्या कामाशी असलेलं नातं त्यात कुठेच मांडलेलं नव्हतं. एका ओळीत उशीर झाला तर खालच्या ओळींचं काय, ते फोरमनने आपल्या डोक्यात जुळवायचं.

हे नातं कागदावर आणणारा माणूस त्याच काळात युरोपच्या पूर्व टोकाला काम करत होता. कारोल ॲडामिएत्स्की हा पोलिश अभियंता. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता आणि त्याचा मोठा भाग रशियाच्या ताब्यात होता. ॲडामिएत्स्की पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये काम करत होता. तापलेला लोखंडी गट्टू भट्टीतून निघतो, एका रोलखालून दुसऱ्याखाली जातो, आणि मधे कुठे थांबला तर थंड होतो. तिथे कोणतं यंत्र रिकामं आहे यापेक्षा कोणत्या टप्प्याची वाट कोण बघतोय हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. त्यातून त्याने १८९६ च्या सुमारास एक साधन बनवलं आणि १९०३ मध्ये येकातेरिनोस्लाव्ह, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या द्नीप्रो शहरात, अभियंत्यांपुढे मांडलं. त्याचं नाव हार्मोनोग्राम.

हार्मोनोग्राममध्ये काळ वरून खाली वाहतो. प्रत्येक कामासाठी एक उभी कागदी पट्टी, आणि तिच्यावर कामाच्या कालावधीइतक्या लांबीचा सरकता तुकडा. पट्टीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं : या कामाच्या आधी कोणती कामं, यानंतर कोणती. आधीच्या सगळ्या कामांचे तुकडे कुठे संपतात ते पाहायचं, त्यातलं सर्वांत खालचं टोक शोधायचं, आणि आपल्या कामाचा तुकडा तिथपर्यंत सरकवायचा. एखादं काम लांबलं तर तोच क्रम पुन्हा : तुकडे खाली सरकवत जायचं. आज एक्सेलच्या चौकोनात आपण `MAX` लिहितो, ते काम तिथे माणसाची नजर करत होती आणि पट्टी सरकवण्याचं काम त्याचं बोट. आपोआप नव्हतं, पण तारखा सरकवण्याचा नियम पूर्ण तयार होता.

मग तक्त्याला त्याचं नाव का नाही? त्याने लिहिलं ते पोलिश आणि रशियनमध्ये, आणि हार्मोनोग्रामवरचा त्याचा लेख छापून आला १९३१ मध्ये, गँटचं नाव जगभर झाल्यावर. दोनच वर्षांनी तो वारला. शोधांच्या इतिहासात हा प्रकार नेहमीचाच. नाव मिळतं ते आधी शोधणाऱ्याला नाही, वाचणाऱ्यांच्या भाषेत आधी छापणाऱ्याला.

कामांच्या नात्यांचं गणित पुन्हा उभं राहिलं ते पन्नाशीच्या दशकात, ॲडामिएत्स्कीशी काहीही ओळख न ठेवता. १९५७ मध्ये ड्यूपाँ या रासायनिक कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी युनिव्हॅक संगणकावर एक पद्धत बसवली. तीच क्रिटिकल पाथ मेथड, अर्थात सीपीएम. लुईव्हिलच्या कारखान्यातला दुरुस्तीचा बंद या पद्धतीने १२५ तासांवरून ९३ तासांवर आला, हे उदाहरण पुढे पाठ्यपुस्तकांमध्ये गेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी पर्ट नावाची भावंडपद्धत काढली. पर्टचा गाजावाजा फार झाला. पण पोलारिस प्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्या हार्वी सॅपोल्स्कीने १९७२ च्या पुस्तकात दाखवलं, की प्रकल्प वेळेवर होण्यात पर्टचा वाटा फारसा नव्हता. तिचा खरा उपयोग वरच्यांनी नाक खुपसू नये म्हणून ढाल म्हणून झाला. हा निष्कर्ष वाचून आपल्याकडच्या कोणत्याही प्रकल्प कार्यालयात फारसं आश्चर्य वाटणार नाही.

सीपीएमचा गाभा दोन फेऱ्यांचा आहे. पहिली फेरी सुरुवातीकडून शेवटाकडे : प्रत्येक काम लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकेल? आधीची सगळी कामं संपतील त्यातल्या सर्वांत उशिराच्या दिवसानंतर. दुसरी फेरी उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे : शेवटची तारीख न हलवता हे काम जास्तीत जास्त किती उशिरा सुरू झालं तरी चालेल? दोन्ही उत्तरांतला फरक म्हणजे त्या कामाची सवड, साईटवरचे इंजिनिअर जिला फ्लोट म्हणतात. जिथे सवड शून्य, ती कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. गणित चोख होतं, पण चित्र वाचायला अवघड : वर्तुळं आणि बाण यांचं जाळं, ज्यात बाणाच्या लांबीचा काळाशी संबंध नाही. मग गणित जाळ्यात करायचं आणि साहेबांना दाखवायला गँटच्या पट्ट्या काढायच्या, अशी विभागणी झाली. पुढे १९८४ मध्ये डॉसवरचा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आला, तो असे दोन्ही धागे एकत्र विणणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक. पण अशी सॉफ्टवेअरं वेगळी विकत घ्यावी लागत, शिकावी लागत. प्रत्येक टेबलावर होती ती स्प्रेडशीट.

स्प्रेडशीटच्या पोटात सीपीएमची पहिली फेरी आधीपासून होती, आणि कोणी ती वेळापत्रकासाठी घातली नव्हती. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी मोठ्या कंपन्यांच्या अंदाजपत्रकांसाठी लॅनपार नावाची प्रणाली लिहिली. तिची खुबी अशी, की सूत्रं कोणत्याही क्रमाने लिहा, कोणतं आधी मोजायचं ते यंत्र स्वतः शोधतं. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये ही खुबी नव्हती. तो ओळीओळीने किंवा रकान्यारकान्याने मोजत जायचा, त्यामुळे खालच्या चौकोनावर अवलंबून असलेला वरचा चौकोन जुनंच उत्तर दाखवायचा आणि पुन्हा मोजायला सांगावं लागायचं. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये नैसर्गिक क्रमाची मोजणी आली आणि पुढे एक्सेलमध्ये ती गृहीतच धरली गेली. आधीचं सगळं मोजून झाल्याशिवाय पुढचं मोजायचं नाही, हाच तो नियम. चौकोनांच्या जागी कामं ठेवा, की सीपीएमची पहिली फेरी तयार. एक्सेलची ‘सर्क्युलर रेफरन्स’ची सूचना आणि ‘छपाई बांधणीवर अवलंबून, बांधणी छपाईवर’ ही नियोजनातली चूक, दोन्ही एकच.

बाकीचे सुटे भाग हळूहळू येत गेले. तारीख ही एक्सेलसाठी साधी संख्या असते : १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि ३ ऑगस्ट २०२६ म्हणजे ४६२३७. (लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते चुकीचं होतं, पण लोटसच्या फाईली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक तशीच घेतली. त्यामुळे न घडलेला २९ फेब्रुवारी १९०० आजही एक्सेलमध्ये ६० क्रमांकाने हजर आहे.) तारीख संख्या असल्यामुळे ती मोठी की लहान हे विचारता येतं, आणि पट्टी रंगवायला तेवढंच पुरतं. चौकोन त्यातल्या किमतीनुसार स्वतः रंगणारं कंडिशनल फॉरमॅटिंग एक्सेल ९७ मध्ये आलं. तेव्हा एका चौकोनाला तीनच अटी घालता येत, ती मर्यादा २००७ मध्ये उठली. कंडिशनल फॉरमॅटिंग येण्याआधी लोक आलेखातली युक्ती वापरत : एकावर एक रचलेल्या आडव्या स्तंभालेखातला पहिला भाग बिनरंगाचा करायचा, म्हणजे दुसरा भाग हवेत तरंगल्यासारखा पट्टी म्हणून दिसतो. रविवारी चालू आणि सोमवारी बंद, किंवा आठवड्याला एकच सुट्टी, अशा कामाच्या दिवसांची मोजणी करणारं `WORKDAY.INTL` २०१० मध्ये आलं. त्याआधीचं `WORKDAY` शनिवार-रविवार सुट्टी गृहीत धरायचं. सहा दिवस चालणाऱ्या छापखान्याला त्याचा उपयोग नव्हता.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते छापखान्याच्याच उदाहरणात पाहू. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी संपादकाच्या वर्षात एक न हलणारी तारीख आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. अंक पंधरवडा आधी बाजारात जायला हवा, म्हणून बांधणी २४ ऑक्टोबरच्या आत संपावी असं समजू. `C1` मध्ये प्रारंभ, ३ ऑगस्ट २०२६, सोमवार. तिसऱ्या ओळीत मथळे : `A` मध्ये क्रमांक, `B` मध्ये काम, `C` मध्ये दिवस, `D` आणि `E` मध्ये आधीच्या कामांचे क्रमांक, `F` मध्ये सुरुवात, `G` मध्ये शेवट. चौथ्या ओळीपासून कामं : संपादन ३० दिवस, जाहिराती ४५ दिवस, अक्षरजुळणी १०, मुद्रितशोधन ८, अंतिम मांडणी ३, छपाई ८, बांधणी ६. संपादन आणि जाहिराती एकाच दिवशी सुरू होतात. अक्षरजुळणी संपादनानंतर, मुद्रितशोधन अक्षरजुळणीनंतर. अंतिम मांडणीला मात्र दोघांची वाट पाहावी लागते : मुद्रितशोधन झालेला मजकूर आणि सगळ्या जाहिराती. सुट्ट्यांची यादी वेगळ्या पानावर ठेवून तिला `Holidays` नाव द्यायचं. त्यात १५ ऑगस्ट, गणेशचतुर्थीचा १४ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीचा २५ सप्टेंबर, २ ऑक्टोबर आणि दसऱ्याचा २० ऑक्टोबर.

अंतिम मांडणीची ओळ आठवी. तिच्या सुरुवातीचं सूत्र असं :

```
=WORKDAY.INTL(MAX($C$1-1,
 IF(D8="",0,VLOOKUP(D8,$A$3:$G7,7,FALSE)),
 IF(E8="",0,VLOOKUP(E8,$A$3:$G7,7,FALSE))),
 1,11,Holidays)
```

`D8` मध्ये ४, म्हणजे मुद्रितशोधन, आणि `E8` मध्ये २, म्हणजे जाहिराती. दोघांच्या शेवटच्या तारखा शोधायच्या, त्यातली उशिराची घ्यायची, आणि तिच्यानंतरचा पहिला कामाचा दिवस ही सुरुवात. ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी. `$C$1-1` एवढ्यासाठी, की आधीचं काम नसलेली ओळ प्रारंभाच्या दिवशीच सुरू व्हावी. शेवटाचं सूत्र सोपं :

```
=WORKDAY.INTL(F8-1,C8,11,Holidays)
```

शोधण्याची जागा `$A$3:$G7` अशी का, हे समजून घेण्यासारखं आहे. सहज सुचतं ते पूर्ण यादीत, `$A$4:$G$10` मध्ये, शोधायला सांगणं. तसं केलं की एक्सेल लगेच सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं, कारण त्या जागेत सूत्राचा स्वतःचा चौकोनही आहे. `VLOOKUP` शेवटी कोणती ओळ उचलणार याच्याशी एक्सेलला देणंघेणं नसतं. पूर्ण जागा मोजून झाली पाहिजे, एवढंच ते बघतं. म्हणून फक्त वरच्या ओळींत शोधायचं, आणि आधीचं काम यादीत नेहमी वर ठेवायचं. ॲडामिएत्स्कीच्या पट्ट्यांचा क्रमही असाच लावावा लागत होता.

आता पट्ट्या. `H3` मध्ये `=$C$1`, `I3` मध्ये `=H3+1`, आणि तेच पुढे ओढत ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे `CS` रकान्यापर्यंत. `H4` ते `CS10` निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एकच सूत्र द्यायचं :

```
=AND(H$3>=$F4,H$3<=$G4)
```

डॉलरची खूण कुठे आहे यावर सगळं अवलंबून. `H$3` मध्ये ओळ बांधलेली, कारण तारखा नेहमी तिसऱ्या ओळीतच असतात. `$F4` मध्ये रकाना बांधलेला, कारण सुरुवात नेहमी `F` मध्येच असते. डॉलर चुकला तर पट्ट्या तिरक्या पसरतात किंवा पूर्ण पानच रंगतं, त्यामुळे ही चूक लपत नाही. याच्या वर दुसरा नियम सुट्ट्यांचा, फिक्या करड्या रंगाचा :

```
=OR(WEEKDAY(H$3)=1,COUNTIF(Holidays,H$3)>0)
```

तक्ता सांगतो : संपादन ७ सप्टेंबरला संपतं, अक्षरजुळणी १९ सप्टेंबरला, मुद्रितशोधन ३० सप्टेंबरला. जाहिराती २६ सप्टेंबरला. अंतिम मांडणी १ ऑक्टोबरला सुरू होऊन, मधली २ ऑक्टोबरची सुट्टी आणि रविवार ओलांडून ५ तारखेला संपते. छपाई ६ ते १४ ऑक्टोबर, बांधणी १५ ते २२. दोन दिवस हाताशी.

मग जाहिरातवाल्यांचं नेहमीचं : ‘अजून पाच दिवस द्या, मोठी जाहिरात येतेय.’ `C5` मध्ये ४५ चे ५० केले. जाहिराती ३ ऑक्टोबरला संपल्या. अंतिम मांडणीचा शेवट ७ ऑक्टोबरवर गेला, छपाईचा १६ वर, बांधणीचा शनिवारी २४ ऑक्टोबरवर. पाच दिवस मागितले आणि अंक दोनच दिवस पुढे गेला. उरलेले तीन दिवस मुद्रितशोधनाची वाट पाहण्यात एरवी वाया जाणारच होते, ते वापरले गेले. हीच जाहिरातींची सवड. मात्र ती तक्त्याने सांगितली नाही, आपण आकडा बदलून शोधली. एक्सेलने पहिली फेरी केली. उलटी फेरी करायला शेवटाकडून खालच्या ओळींत शोधणारी वेगळी सूत्रं लिहावी लागतात, आणि ती बहुतेक तक्त्यांमध्ये नसतात. म्हणून पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसतात. कोणत्या पट्टीला हात लावला तर अंक हलेल आणि कोणती थोडी सैल आहे, हे रंगावरून कळत नाही. १९५७ च्या गणिताचा निम्मा भाग इथे गळालेला आहे.

तक्ता बिघडतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. समजा, `C5` मध्ये अजून ४५ च आहेत आणि छापखान्यातून फोन येतो, ‘सहा तारखेला मशीन मोकळं आहे, त्याच दिवशी चढवू.’ कोणीतरी `F9` मध्ये सूत्राच्या जागी ६ ऑक्टोबर असं टाईप करतं. तारीख तीच असल्यामुळे चित्रात काहीच बदलत नाही. पण साखळी तिथे तुटली. आता जाहिरातींचे पाच दिवस वाढवा : अंतिम मांडणी ७ ऑक्टोबरला संपते, छपाई मात्र ६ लाच सुरू झालेली दिसते आणि बांधणी २२ लाच संपते. शेवटची तारीख न हललेली पाहून सगळे खूश. ओळखायचं कसं? एक तर नजरेने : खालची पट्टी तिच्या आधीच्या कामाची पट्टी संपण्यापूर्वीच सुरू झालेली दिसते. पण तीस ओळींच्या तक्त्यात हे नजरेतून सुटतं. त्यापेक्षा `F` आणि `G` या रकान्यांना `=NOT(ISFORMULA(F4))` असा आणखी एक नियम लावून लाल रंग द्यावा. एक्सेल २०१३ पासून ही सोय आहे. सूत्र पुसून तारीख लिहिली की चौकोन लाल होतो आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. छापखान्याने दिलेली तारीख खरी असेल तर तिच्यासाठी ‘याआधी नाही’ असा वेगळा रकाना ठेवून तो `MAX` मध्ये घालावा. म्हणजे मशीन मोकळं होईपर्यंत काम थांबतं, आणि मजकूर उशिरा आला तर तारीख सरकतेही.

दुसरी चूक `IFERROR` ची. अनेक तयार नमुन्यांमध्ये `VLOOKUP` भोवती ते गुंडाळलेलं असतं, तक्त्यात `#N/A` दिसू नये म्हणून. मग `D9` मध्ये ५ च्या जागी चुकून ५५ पडलं किंवा आधीचं काम यादीत खाली राहिलं, तर सूत्र मुकाट्याने शून्य धरतं आणि ते काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं. छपाईची पट्टी ऑगस्टमध्ये, डाव्या कडेला चिकटलेली दिसली, तर कारण हेच. वरच्या सूत्रात म्हणूनच `IF(D8="",0,…)` आहे : रिकामं असेल तर शून्य, चुकलं असेल तर `#N/A` डोळ्यांसमोर. तिसरा त्रास छोटा पण चिवट : ओळी कापून-चिकटवून हलवल्या की कंडिशनल फॉरमॅटिंगच्या नियमाचे तुकडे होतात आणि वर्षभरात एका नियमाचे वीस होतात. ओळी हलवून झाल्या की नियम पुसून एकदाच पूर्ण भागाला नव्याने लावणं सोपं.

आता परत गँटकडे. या तक्त्याला त्याचं नाव आहे, पण त्याच्या तक्त्यात जे होतं तेच इथे नाही : यंत्र. आपला तक्ता म्हणतो, छपाई ८ ऑक्टोबरला सुरू. पण त्याच छापखान्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी चार दिवाळी अंक चढायचे असतात, आणि ऑफसेट मशीन एकच. सूत्राला ते माहीत नाही. प्रत्येक काम आपल्या आधीच्या कामापुरतंच पाहतं, मशीनसमोरची रांग त्याला दिसत नाही. सीपीएमलाही ती दिसत नव्हती. साधनांची मर्यादा हे पुढे वेगळं आणि बरंच अवघड गणित ठरलं. गँटने मात्र सुरुवातच तिथून केली होती. एका ओळीत एक यंत्र, आणि आडवे दिवस.

दिवाळी अंकाच्या संपादकाकडे असतो तो वंशाने ॲडामिएत्स्कीचा तक्ता. गँटचा खरा तक्ता छापखान्याच्या मालकाच्या टेबलावर हवा, मशीनची एक ओळ आणि तिच्यावर चढलेल्या अंकांच्या पट्ट्या. संपादकांनी तारीख ठरवण्याआधी तो एकदा पाहायला मागावा. नसेल, तर आपल्या तक्त्याच्या तळाशी मशीनची एक ओळ आखून छापखान्याला ती भरायला लावावी.